खंडनाची तीस सेकंदे: ‘म्हणून’ या शब्दावर कान ठेवा

वादविवाद स्पर्धेत खंडनाची तयारी करताना प्रतिस्पर्ध्याचे प्रत्येक वाक्य वहीत उतरवू नये. त्याने ‘म्हणून’, ‘सगळे’ किंवा ‘नेहमी’ म्हटले की तेवढेच वाक्य टिपावे, कारण पुरावा आणि निष्कर्ष यांतील फट बहुधा तिथेच असते.

समजा, विषय ‘विदर्भातील शेतकऱ्याने कापूस सोडून सोयाबीन घ्यावे’ असा आहे आणि समोरचा म्हणतो, “आमच्या गावात सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते, म्हणून त्यात जोखीम कमी.” येथे कालावधी खरा असल्याने तो नाकारू नये (अनेकजण नेमके तेच करतात), तुटते ते ‘म्हणून’पाशी. उत्तर असे द्यावे: “पीक लवकर येते, हे मान्य. पण लवकर येणे म्हणजे जोखीम कमी असणे नव्हे. सोयाबीन एकदाच कापले जाते. त्याच आठवड्यात पाऊस लागला, तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. कापसाची वेचणी टप्प्याटप्प्याने होते, त्यामुळे एका पावसाने सारे पीक जात नाही.”

सावकाश बोलले तरी हे तीस सेकंदांत बसते. दुसरा मुद्दा जोडला, तर मात्र घंटा अर्ध्या वाक्यावर वाजते.