दुकानाच्या पाटीचे दर ताडून पाहताना या चुका टाळा

दुकानाची नवी पाटी करायची ठरली की बहुतेक जण तीन ठिकाणी फोन करून चौरस फुटाचा दर विचारतात आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याला काम देतात. तिन्ही ठिकाणी त्या आकड्यात एकच सामान आणि एकच मोजमाप धरलेले आहे असे समजणे, ही यातली मूळ चूक आहे.

समजा, ‘समर्थ किराणा’ या नावाची पाटी 12 फूट रुंद आणि 3 फूट उंच हवी आहे. मागे लोखंडी चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या थरांची एसीपी शीट आणि शीटवर उठावाची ॲक्रिलिक अक्षरे. पहिल्याने एसीपीचा दर चौकटीसह 280 रुपये चौरस फूट आणि अक्षरांचा दर इंचाला 60 रुपये सांगितला. दुसऱ्याने सगळे मिळून 15,500 रुपये सांगितले. (हे दर केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, गावागणिक ते बदलतात.) पाटीचे क्षेत्रफळ 36 चौरस फूट, म्हणजे 10,080 रुपये. नावात सहा अक्षरे, प्रत्येकाची उंची 10 इंच, म्हणजे 3,600 रुपये. एकूण 13,680 रुपये झाले आणि पहिला स्वस्त वाटला.

आता हाच हिशेब कारागीर कसा मांडू शकतो ते पाहा. एसीपीची नेहमीची शीट 8 फूट बाय 4 फूट येते. तीन फूट उंचीची पट्टी कापल्यावर फूटभर तुकडा उरतो, आणि काही जण तो ग्राहकाच्याच खात्यात धरून 12 बाय 4, म्हणजे 48 चौरस फुटांचे 13,440 रुपये लावतात. हे गैर आहे असे मी म्हणणार नाही, कारण तो तुकडा क्वचितच दुसऱ्या कामाला येतो. पण ते आधी लेखी हवे. मात्र तुकडा वाया जाऊ नये म्हणून पाटी बरोबर 4 फूट उंचही ठरवू नये. शीटच्या कडा चौकटीवर मागे दुमडाव्या लागतात, त्यामुळे चार फुटांची शीट चार फुटांच्या पाटीला पुरत नाही आणि जोड द्यावा लागतो. बारा फूट रुंदीत एक उभा जोड तर येणारच. तो अक्षराच्या मधोमध येत नाही ना, हे नकाशावर पाहून घ्यावे.

अक्षरांच्या मोजणीत तर मराठी पाटीचा हिशेब सर्वाधिक चुकतो. इंचाचा दर प्रत्येक अक्षराच्या उंचीवर लागतो, परंतु ती उंची शिरोरेषेपासून खाली मोजायची की रफार आणि वेलांटीच्या टोकापासून, हे कोणी विचारत नाही. वरचा भाग धरून उंची 13 इंच झाली, तर त्याच सहा अक्षरांचे 4,680 रुपये होतात. रफार, वेलांटी आणि दोन काने वेगळी अक्षरे म्हणून मोजले, तर सहाची दहा होतात आणि 10 इंच उंचीलाच 6,000 रुपये लागतात. म्हणून नाव कागदावर लिहून ‘ही किती अक्षरे धरणार आणि उंची कोठून कोठे’ असे प्रत्येकाला विचारावे.

पाटीवर इंग्रजी नावही असेल, तर आकार मनाने ठरवता येत नाही. महाराष्ट्रात 2022 मध्ये दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात झालेल्या सुधारणेनुसार मराठी नाव आधी असावे लागते आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मराठी नाव लहान धरून दिलेले स्वस्त कोटेशन त्यामुळे तुलनेत धरूच नये.

सामानाबाबत ‘3 मिमी एसीपी’ एवढे लिहून घेणे पुरेसे नाही. ती पूर्ण शीटची जाडी झाली. मधल्या प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला ॲल्युमिनियमचा थर किती जाड आहे, ते त्यातून कळत नाही. तो थर पातळ असला की शीटला लवकर पोचे पडतात आणि दुमडलेल्या कडेला चीर पडू शकते. थराची जाडी आणि बाहेरच्या वापराचा लेप, या दोन्ही गोष्टी कोटेशनमध्ये मागाव्यात.

मग कर आणि बसवणी. पहिल्याच्या 13,680 रुपयांवर 18 टक्के जीएसटी धरला की रक्कम 16,142 रुपये होते, आणि वाहतूक व बसवणी अजून बाकीच असते. दुसऱ्याच्या 15,500 मध्ये हे सर्व खरोखरच असेल, तर स्वस्त तोच ठरतो.

डिझाइनचे पैसे वेगळे असतील, तर किती दुरुस्त्या त्यात बसतात आणि मूळ फाइल मिळणार का, हे विचारावे. कित्येक ठिकाणी आजही जुने, युनिकोड नसलेले मराठी फाँट वापरतात. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरे विस्कटतात. म्हणून बदल करता येणारी फाइल आणि अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फाँट नसतानाही न बिघडणारे आकार, केलेली प्रत, अशा दोन्ही घ्याव्यात, म्हणजे पुढे एखादे अक्षर बदलताना डिझाइनचे पैसे पुन्हा मोजावे लागणार नाहीत.