चक्क्याचं स्प्रेड: आदल्या संध्याकाळपासूनची तयारी

रविवारी सकाळी पावावर लावायला स्प्रेड हवं असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच दही टांगायला हवं. शनिवारी दुपारी चक्का उतरवायचा, मीठ आणि पानं मिसळायची आणि रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचं. यात कौशल्याचं काम फारसं नाही. जे बिघडतं ते बहुतेक वेळा नको तिथे राहून गेलेल्या पाण्यामुळे. म्हणून तयारी करताना मी प्रत्येक वस्तूकडे बघून एकच विचारते, यात पाणी कुठे आहे?

आधी दही. सायीसकट दुधाचं, घट्ट, एक किलो घ्यावं. विकतचं असेल तर डब्यावरची घटकांची यादी वाचून घ्या. त्यात स्टार्च किंवा जिलेटिन असलं की ते दही पाणी धरून ठेवतं. रात्रभर टांगलं तरी खाली चमचाभरच पाणी जमतं आणि आपण उगाच कापडाला दोष देतो. घरचं लावणार असाल तर ते आंबट होण्याआधी, नुकतं लागलेलं असतानाच फ्रिजमध्ये ठेवा. पाणी गेलं की आंबटपणा घट्ट होतो. चमच्यात जरा आंबट लागणारं दही चक्क्यात चांगलंच झोंबतं, आणि पुढे साखर घालून ते झाकता येत नाही, कारण हा पदार्थ खारट आहे.

कापड दाट विणीचं, सुती, धुवट. साबणाचा किंवा कपाटाचा वास असेल तर तो चक्क्यात उतरतोच, म्हणून कापड वेगळं ठेवावं, साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळावं आणि गार झाल्यावर घट्ट पिळून वापरावं. ओलसर कापडाला चक्का कमी चिकटतो. चाळणी, ती बसेल असं खोल पातेलं आणि वर झाकायला ताटली, एवढी भांडी पुरतात. चाळणीचा तळ आणि पातेल्याचा तळ यांत चार बोटं अंतर हवं, नाहीतर गळलेल्या पाण्यातच गाठोडं बसून राहतं. सगळं एकावर एक रचून आधीच फ्रिजमध्ये ठेवून बघा. भरलेलं गाठोडं हातात घेऊन कप्प्यात जागा करत बसणं मी एकदा केलं आहे, पुन्हा करणार नाही.

फ्रिजमध्येच का, तर बाहेर टांगलं की पाणी गळत असतानाच दही आंबतही राहतं. चार-पाच अंशांवर आंबणं जवळजवळ थांबतं, गळणं मात्र चालू राहतं, फक्त हळू. म्हणून इथे घड्याळापेक्षा वजनकाटा कामाचा. एक किलो दह्याचं माझ्याकडे सहा तासांनी साधारण 600 ग्रॅम उरतं. ते चमच्यावरून सावकाश ओघळतं, म्हणजे डिपसाठी ठीक. बारा तासांनी 470च्या आसपास येतं. मग गाठोड्यावर छोटी ताटली आणि तिच्यावर अर्धा किलोचं वजन ठेवायचं. अठरा-वीस तासांनी 400 ग्रॅमला आलं की स्प्रेडचा चक्का झाला. कापड उलगडल्यावर तो सलग सुटून येतो, त्यावर विणीचा ठसा दिसतो आणि बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. वजन सुरुवातीलाच ठेवू नका. दही अजून सैल असतं, ते कापडातून बाहेर येतं आणि खालचं पाणी पांढरं दिसू लागतं. पाणी पिवळसर-हिरवट आणि पारदर्शक असलं म्हणजे काम बरोबर चाललं आहे.

एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवलेली बरी. क्रीम चीजचा गुळगुळीतपणा त्यातल्या भरपूर स्निग्धांशातून येतो. चक्क्यात तो बराच कमी असतो, घट्टपणा मुख्यतः प्रथिनांचा. म्हणून हे स्प्रेड गार असताना छान पसरतं, पण उकळत्या रश्शात घातलं की फाटतं. जास्त मऊ हवं असेल तर 400 ग्रॅमला दोन मोठे चमचे घट्ट क्रीम घालावं. मिक्सर मात्र नको. पात्यांनी चक्क्याची बांधणी मोडते आणि वीस तास टांगून मिळवलेलं मिनिटात सैल होतं. बारीक चाळणीतून चमच्याने दाबून काढा, कण राहत नाहीत.

मीठ बारीक, आणि चक्का तयार झाल्यावर. टांगण्याआधी घातलं तर बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं आणि उरलेलं किती ते कळत नाही. 400 ग्रॅम चक्क्याला चार ग्रॅम, म्हणजे लहान चमचा पाऊण भरून. पहिल्या चवीला कमी वाटेल, तरी लगेच वाढवू नका. दोन-तीन तासांनी मीठ मुरलं की चव वर येते.

आता पानं, आणि खरी गडबड इथेच. शेपू, कोथिंबीर, पुदिना, काहीही चालेल. 400 ग्रॅमला बारीक चिरलेली दोन मोठे चमचे पुरतात. पण ती शुक्रवारीच धुऊन पंचावर पसरून ठेवायची, शनिवारी चिरताना सुरीच्या पात्यावर थेंब दिसता कामा नये. मी एकदा घाईत कोथिंबीर धुतली, झटकली आणि चिरून घातली. सकाळी डबा उघडला तर वर हिरवट पाण्याचं तळं, आणि तिसऱ्या दिवशी वास बदललेला. देठ काढून टाका, त्यांतच पाणी जास्त. वाळलेली पानं असतील तर दोन लहान चमचे बस होतात. ती उलट चक्क्यातलं पाणी शोषतात, म्हणून रात्रभर मुरण्याची त्यांना जास्त गरज. लसूण कच्चा असेल तर अर्धीच पाकळी, कारण त्याचा तिखटपणा रोज वाढत जातो.

साठवणीला एका मोठ्या बरणीपेक्षा काचेच्या तीन लहान बाटल्या बऱ्या. एक संपेपर्यंत दुसरी उघडत नाही. बाटल्या उकळून पूर्ण वाळवा, झाकणाच्या आट्यांतलं पाणीसुद्धा. स्प्रेड दाबून भरा, मध्ये हवेची पोकळी नको, आणि पृष्ठभागाला टेकेल असा बटर पेपरचा गोल ठेवून झाकण लावा. वर तारीख लिहा. ताज्या पानांचं स्प्रेड चार दिवसांत संपवावं, नुसत्या मिठाचं आठवडाभर टिकतं. म्हणून मी दोन बाटल्या साध्याच भरते आणि पानं लागतील तेव्हा मिसळते. तेलात बुडवून ठेवायचं असलं तरी फ्रिजमध्येच. लसूण आणि पानं तेलाखाली बाहेरच्या तापमानाला ठेवणं धोक्याचं आहे, त्यात हवेशिवाय वाढणारे विषारी जंतू होऊ शकतात आणि वासावरून ते कळत नाहीत. फ्रीजरच्या वाटेला जाऊ नका, वितळल्यावर रवाळ होतं.

दुसऱ्या दिवशी वर थोडं पारदर्शक पाणी आलं तर घाबरायचं कारण नाही, ओतून टाका किंवा ढवळून घ्या. गुलाबी किंवा पिवळा डाग, लव, झाकण उघडताना फुस्स आवाज, किंवा यीस्टसारखा वास, यांतलं एकही दिसलं की पूर्ण बाटली टाकायची. वरचा थर खरवडून खालचं वापरू नये, मऊ पदार्थात बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते. आणि बाटलीत जाणारा चमचा दर वेळी कोरडा.