काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर एलईडी पट्टी लावायची असेल तर आधीची तयारी

वहिनीचं किचन जुळे सोलापुरात, सरळ दहा फुटी ओटा, काळा पॉलिश ग्रॅनाइट, मधे गॅस आणि वर चिमणी. ट्यूब मागच्या भिंतीवर असल्यामुळे ओट्यापाशी उभं राहिलं की आपलीच सावली विळीवर पडायची म्हणून कपाटाखाली पट्टी लावून घेतली, आणि इलेक्ट्रिशियनने ती सरळ प्लायवर चिकटवून दिली. उजेड आला पण ग्रॅनाइटमधे दिव्यांच्या ठिपक्यांची रांगच्या रांग दिसायला लागली, नेमकी कांदा चिरायच्या जागी. वहिनी म्हणाली, "भाऊजी, डोळ्यात टोचतंय हो, यापेक्षा सावली परवडली." मग सगळं काढून परत केलं, त्या दुसऱ्या वेळची ही तयारी.

पट्टी विकत घ्यायच्या आधी रात्री बाकीचे लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च कपाटाच्या तळाला धरा, तोंड खाली, आणि जो रोज स्वयंपाक करतो त्याने ओट्यापाशी नेहमीसारखं उभं राहून खाली बघायचं. पॉलिश ग्रॅनाइट म्हणजे आरसाच, टॉर्च कुठे चमकतोय ते लगेच कळतं. आमच्याकडे कपाट १२ इंच खोल, ओटा २४ इंच, दोघांमधे २२ इंचाची जागा. टॉर्च कपाटाच्या पुढच्या कडेला धरला तर चमक ओट्याच्या काठापासून चारेक इंच आत, मागे भिंतीजवळ धरला तर नऊ-दहा इंच आत. म्हणजे दोन्हीकडे कामाच्या जागेतच! मला आधी वाटायचं की पट्टी मागे सरकवली की चमक जाते, पण ती जात नाही, फक्त जागा बदलते, आणि वर मागच्या पट्टीचा उजेड टाइल्सवर जास्त आणि हाताखाली कमी पडतो. म्हणून जागा पुढचीच धरायची आणि चमक मऊ कशी होईल ते बघायचं, बाकी सगळी खरेदी याच हिशोबाने.

चमक मऊ करायचं अर्धं काम प्रोफाइल करतं. प्रोफाइल म्हणजे ॲल्युमिनियमची पन्हळ, तिच्यात पट्टी बसते आणि पट्टीची उष्णता ती ओढून घेते, प्लायवर नुसती चिकटवलेली पट्टी तापून लवकर मंद होते आणि तेलकट वाफेने डिंक सुटून लोंबायला लागते. दुकानात बहुतेक चपटं प्रोफाइल हातात देतात, ते घेऊ नका, कोपऱ्याचं ४५ अंशाचं मागा. सुताराकडून कपाटाच्या तळाला पुढच्या बाजूने दीड इंच उंचीची लाकडी पट्टी, म्हणजे लिपिंग, मारून घ्या आणि तिच्या आतल्या कोपऱ्यात हे प्रोफाइल बसवा, तोंड खाली आणि भिंतीकडे. असं तिरकं बसलं की ओट्यात बघणाऱ्याला दिव्याचं सरळ तोंड न दिसता कडेने दिसतं आणि चमक बरीच उतरते. लिपिंगचा फायदा बसलेल्या माणसाला, हॉलमधे किंवा डायनिंगवर बसलं की नजर कपाटाच्या तळाखाली जाते आणि उघडी पट्टी सरळ डोळ्यात येते, ती झाकली जाते. फक्त तुमची शटर खालून बोट घालून उघडत असतील तर लिपिंग इंचभर आत घ्यायला सांगा, नाहीतर बोट घालायला जागाच उरत नाही. आणि स्क्रू बघून घ्या, तळाचा प्लाय १८ मिमीचा असेल तर १२ मिमीचा स्क्रू पुरे, मोठा घेतला तर डब्यांच्या कप्प्यात टोक वर येतं.

डिफ्यूझर म्हणजे वरचं प्लास्टिकचं झाकण, दुधीच घ्यायचं. पारदर्शकमधून उजेड जास्त येतो हे खरं, पण ग्रॅनाइटवर ठिपके जसेच्या तसे उमटतात. आणि नुसतं दुधी असून भागत नाही, पट्टी आणि झाकण यांच्यात अंतर लागतं, साधारण दोन एलईडींमधे जेवढं अंतर तेवढं तरी. मीटरला ६० एलईडी असतील तर दोघांमधे १७ मिमी, एवढं खोल प्रोफाइल कपाटाखाली कोण लावणार, पण मीटरला १२० घेतले की ८ मिमीवर काम भागतं. प्रोफाइल उथळच मिळालं तर सीओबी पट्टी घ्या, तिच्यात पिवळा थर सलग असतो, ठिपका असा नसतोच. दुधी झाकण अंदाजे तिसरा हिस्सा उजेड खातं, म्हणून मीटरला दहाएक वॉटची पट्टी धरा, पाच वॉटची घेऊन नंतर अंधुक वाटायला नको. रंग ४००० केल्विन आणि सीआरआय, म्हणजे उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या पुढचा, कमी सीआरआयच्या उजेडात शेंगा भाजताना किती लाल झाल्या ते नीट कळत नाही. झाकण कापताना दोन मिमी कमी कापा, आपल्याकडचा उन्हाळा प्लास्टिकला फुगवतो आणि टाइट बसवलेलं झाकण मधून वर येतं.

आता ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचं १२ किंवा २४ व्होल्ट करणारा डबा. पट्टीवर जो व्होल्ट लिहिलाय तोच ड्रायव्हरवर पाहिजे, २४ च्या पट्टीला १२ चा दिला तर नीट पेटतच नाही आणि उलटं केलं तर पट्टी जळते. आमचा हिशोब सांगतो. चिमणीखाली पट्टी नाही, तिथे वाफ आणि आच, शिवाय चिमणीला तिचे दिवे असतात. म्हणून डावीकडे चार फूट, उजवीकडे साडेतीन, मिळून सव्वादोन मीटरच्या वर थोडं. मीटरला १० वॉटने २३ वॉट झाले. त्यात पाव भाग वाढवला की २९, म्हणून ३० चा ड्रायव्हर घेतला. काठोकाठ २४-२५ चा घेतला असता तर तो कायम तापलेला राहिला असता, आणि जास्त ताण आला की पट्टी लुकलुकायला लागते, ती त्याची खूण. ड्रायव्हरमधून दोन्ही तुकड्यांना वेगवेगळी वायर नेली, एकापुढे एक जोडलं नाही. मधे छोटा डिमर घातला तो फार कामाला आला, भाकरी थापताना पूर्ण आणि रात्री पाणी प्यायला उठलं की अगदी मंद.

ड्रायव्हर कुठे ठेवायचा हे सुतार कपाट बंद करायच्या आधीच ठरवा. चिमणीच्या पाइपाजवळ नको, चारी बाजूंनी बंद खोक्यात तर मुळीच नको, मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं तर लॉफ्टजवळ त्याहून जास्त. आम्ही तो कपाटाच्या वर मोकळ्यावर ठेवला, स्टुलावर चढून हात पोचेल असा. प्रोफाइल कायमचं स्क्रूने मारायच्या आधी कागदी टेपने अडकवून दोन-तीन तास चालू ठेवा, वहिनीने त्याच उजेडात रात्रीचा सगळा स्वयंपाक केला, मी डायनिंगला बसून बघितलं, आणि शेवटी पट्टी बंद करून ड्रायव्हरला हात लावून पाहिला, कोमट होता. चटका बसण्याइतका तापला असता तर आधी जागा बदलली असती, मग स्क्रू मारले असते.