‘माझी’ बरोबर, ‘माझा’ चुकीचं: ध्वनींचे गट आपल्याच बोलण्यातून कसे शोधावेत

बेळगावात आमच्या गल्लीत एक कन्नडभाषक काका राहतात. मराठी झकास बोलतात, पण ‘माझा’ म्हणताना त्यांचा झ ‘झेंडा’तल्या झसारखा लागतो. ‘माझी’ मात्र अगदी आपल्यासारखं येतं. एकाच शब्दाच्या दोन रूपांपैकी एकच कसं चुकतं, याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन आणि स्वतःचं तोंड पुरतं.

आधी रूपं गोळा करा. एकाच शब्दाची ‘आ’, ‘ई’, ‘ए’ आणि ‘या’ लागलेली रूपं ओळीने लिहा: माझा, माझी, माझे, माझ्या. आमचा, आमची, आमचे, आमच्या. ताजा, ताजी, ताजे, ताज्या. असा, अशी, असे, अशा. मग मोठा, मोठी, मोठे, मोठ्या. काळा, काळी, काळे, काळ्या. गोरा, गोरी, गोरे, गोऱ्या. इथे एक खड्डा आहे. लिहिलेलं वाचू नका, बोललेलं ऐका. पुस्तकात ‘माझे घर’ असतं, पण आपण ‘माझं घर’ म्हणतो, आणि तिथे शेवटी ए नाहीच. ‘माझे भाऊ’मधला ए खरा आहे, म्हणून ए-च्या रकान्यात तो घ्या.

आता प्रत्येक ओळ सावकाश म्हणा आणि जीभ कुठे टेकते ते पाहा. ‘आमचा’मधला च म्हणजे त् आणि स् घाईने एकत्र म्हटल्यासारखा, जिभेचं टोक दातांपाशी. व्याकरणात त्याखाली नुक्ता देऊन च़ लिहितात. ‘आमची’त जीभ मागे सरकते आणि त्याच जागी त् आणि श् ऐकू येतात. नीट कळत नसेल तर ‘स्‌स्‌स्’ असा लांब आवाज काढत जीभ हळूहळू मागे न्या. तो आपोआप ‘श्‌श्‌श्’ होतो. ‘असा’चं ‘अशी’ होताना नेमकं एवढंच घडतं, फक्त तिथे आपण अक्षरही बदलतो, म्हणून ते दिसतं. च, ज, झ यांच्याबाबत लिपी गप्प बसते. सरकणं मात्र एकच आहे.

वहीत आता दोन ढीग पडतात. सरकणारे: च़, ज़, झ़, स. न सरकणारे: ठ, ळ, र, आणि आणखी शब्द घेतलेत तर त, ड, न, लसुद्धा. नवखा माणूस इथे थांबतो आणि ‘हे चार ध्वनी बदलतात’ असा नियम लिहून मोकळा होतो. पण ती नुसती यादी झाली. चारच का आणि हेच का, हे तिच्यातून कळत नाही. ‘क, म, झ, ळ बदलतात’ अशी यादीही तितक्याच सहज लिहिता आली असती, आणि तसा नियम भाषेत सहसा सापडत नाही.

म्हणून पुढची पायरी ही की चौघांत समान काय आणि बाहेरच्यांत नसलेलं काय, ते शोधायचं. घशावर बोट ठेवा. ज़, झ़ म्हणताना कंप जाणवतो, च़, स म्हणताना नाही. म्हणजे घोष-अघोष हा भेद इथे निरुपयोगी. झ महाप्राण आहे, बाकीचे नाहीत, म्हणून तोही गेला. स मध्ये हवा अडत नाही, च मध्ये आधी अडते, म्हणजे हाही निकष बाद. उरतो तो सुळसुळणारा, दातांवर घासून येणारा कर्कश आवाज. तो चौघांतही आहे आणि त, ठ, न, ल, र, ळ यांपैकी कुणातच नाही. या गुणाला ‘स्ट्रायडंट’ म्हणतात. याकोब्सन, फान्ट आणि हाले या अभ्यासकांनी 1952 साली ध्वनींचे असे गुण जोड्यांनी मांडले, त्यात हा होता. जिभेचं टोक दातांकडे की मागे, हे सांगणारा ‘अँटीरिअर’ हा गुण 1968 मध्ये चॉम्स्की आणि हाले यांच्या मांडणीत आला. दोन्ही घेतले की चार नियमांऐवजी एकच उरतो: जिभेच्या टोकाने काढलेला स्ट्रायडंट ध्वनी ठरावीक स्वरापुढे मागे सरकतो. थोडक्या गुणांत मावतो आणि बाहेरच्याला आत येऊ देत नाही, अशा गटाला नैसर्गिक वर्ग म्हणतात.

‘ठरावीक स्वर’ कोणते, हे मला सगळ्यात रंजक वाटतं, कारण तिथे वही नीट पाहिली नाही तर फसगत होते. ‘माझी’, ‘माझे’, ‘माझ्या’ तिन्हींत झ सरकतो. पण स पाहा: ‘अशी’, ‘अशा’ होतं, ‘असे’ मात्र ‘असे’च राहतं. पैसा, पैसे, पैशाला. मासा, मासे, माशाला. ‘अशा’, ‘पैशाला’, ‘माशाला’ यांतही ‘या’च आहे, फक्त त्यातला य श-मध्ये विरून गेलाय. इ, ए, य हे तिन्ही जीभ पुढे आणून म्हणायचे ध्वनी आहेत. त्यांतले इ आणि य म्हणताना जीभ टाळूच्या अगदी जवळ जाते, ए-ला ती थोडी खाली असते. य म्हणजे इ-चंच आखूड रूप, स्वरसंधीत इ-चा य का होतो ते आठवा. म्हणजे च़, ज़, झ़ यांना ‘पुढचा’ एवढी अट पुरते, स-ला ‘पुढचा आणि उंच’ लागतो. सरकणाऱ्यांचा वर्ग एक आणि सरकवणाऱ्यांचे दोन, दुसरा पहिल्याच्या पोटातला.

मग नियम नव्या शब्दांवर चालवून पाहा. ‘उंच’मध्ये च़ आहे, म्हणजे ‘उंची’त तो मागे जायला हवा, आणि जातो. ‘म्हैस’चं अनेकवचन ‘म्हशी’, बरोबर. ‘टॅक्सी’ आणि ‘सिनेमा’त स हलत नाही, पण ते शब्द बाहेरून आले आहेत. ‘मी बसीन’ तर घरचाच शब्द आहे, आणि तिथेही स जागचा हलत नाही. म्हणून नियमाला कुंपण घाला: नाम, विशेषण, सर्वनाम यांच्या रूपांत तो चालतो, क्रियापदात स-ला लागू नाही. अपवाद लपवला तर पुढचा शब्द तोंडघशी पाडतो.

हीच रीत शेजारच्या भाषेवरही चालते, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. कन्नड शाळेत आदेश संधी शिकवतात: दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीचे क, त, प हे ग, द, ब होतात. मळे आणि काल मिळून मळेगाल, बेट्ट आणि तावरे मिळून बेट्टदावरे, कण् आणि पनि मिळून कंबनि. हळे आणि कन्नड मिळून हळेगन्नड, म्हणजे जुनी कन्नड, हा शब्दही असाच झाला. वर्णमालेच्या तक्त्यात हे पहिल्या रकान्यातले अघोष अल्पप्राण आहेत आणि ते तिसऱ्या रकान्यात जातात. एकच गुण बदलला, घोष. पण त्याच रकान्यातले च आणि ट यादीत का नाहीत? ट-चं कारण साधं आहे. मूळचे कन्नड शब्द ट-ने सहसा सुरूच होत नाहीत, त्यामुळे त्याची परीक्षाच होत नाही. यादीत नसणं आणि नियमातून वगळलेलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. च-ला मात्र मघाचाच गुण बाहेर ठेवतो: तो स्ट्रायडंट आहे, क, त, प नाहीत.

आता आमच्या काकांकडे वळू. त्यांच्या कन्नडमधला च-ज-झ मागचाच, दंत्य जोडीदार त्याला नाही. ‘माझी’, ‘माझे’, ‘माझ्या’ यांत मराठीलाही मागचाच हवा असतो, म्हणून तिथे ते फुकटात बरोबर ठरतात. ‘माझा’, ‘माझं’, ‘आमचा’, ‘ताजा’ इथे ते अडकतात. स-श दोन्ही कन्नडमध्ये आहेत, म्हणून ‘असा’ आणि ‘अशी’ ते कधीच चुकत नाहीत. परवा त्यांनीच विचारलं, “मग मी ‘चहा’ कसा म्हणायचा?” म्हटलं, काका, तो तुम्ही आधीपासून बरोबरच म्हणता.