बुलेटवाल्या एफएक्यूचं प्रश्नोत्तरांचं पान करताना या चुका टाळा

बुलेटमध्ये लिहिलेली एफएक्यूची फाइल हातात येते आणि सांगितलं जातं की याचं नीट प्रश्नोत्तरांचं पान करून दे, प्रत्येक प्रश्नाला हेडिंग, खाली उत्तर, आणि हेडिंगच्या लेव्हल सगळीकडे सारख्या. ऐकायला तासाभराचं काम वाटतं, म्हणून नवीन माणूस पहिल्या पाच मिनिटांतच फाइंड-रिप्लेस उघडतो. मी बरीच वर्षं हेल्पची पानं लिहितोय, दुसऱ्यांनी केलेली दुरुस्त पण करतोय, आणि दर वेळी तेच घोळ निस्तरावे लागतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो. उदाहरणं मार्कडाउनची देतोय कारण अशा फाइली बहुतेक वेळा त्यातच असतात.

फाइंड-रिप्लेसने सुरुवात करणं

एका कामात चाळीसेक प्रश्नांची फाइल होती. प्रत्येक प्रश्न बुलेटमध्ये, बोल्ड केलेला, आणि उत्तर त्याच्याखाली आत सरकवून लिहिलेलं. टीममधल्या एकाने `- **` च्या जागी `### ` घातलं, उरलेले `**` काढून टाकले, प्रीव्ह्यूत वरचे सात-आठ प्रश्न बघितले, छान दिसत होते, आणि पान चढवून दिलं.

दोन दिवसांनी माझ्याकडे तक्रार आली की अकाउंट डिलीट करण्याबद्दलचं उत्तर अर्धवट आहे. पान उघडलं तर उत्तर करड्या चौकटीत, कोड दाखवतो तशा टाइपरायटर अक्षरांत, एकाच लांबलचक ओळीत. "अकाउंट डिलीट केल्यावर फाइली परत मिळत नाहीत" एवढं दिसत होतं, आणि "त्यामुळे आधी सगळं डाउनलोड करून घ्या" हे चौकटीच्या उजव्या कडेपलीकडे गेलेलं. मोबाइलवर तर "अकाउंट डिलीट केल्यावर" इतकंच दिसायचं. म्हणजे जे वाक्य वाचणं सगळ्यात गरजेचं तेच गायब, आणि आडवं स्क्रोल करायचं वाचणाऱ्याच्या डोक्यात येणारच नाही.

कारण साधं आहे. मार्कडाउनमध्ये बुलेटच्या खाली चार स्पेस आत असलेली ओळ ही त्या बुलेटचा भाग असते. वरचा बुलेट काढून तिथे हेडिंग ठेवलं की त्या चार स्पेसना कुणी वाली उरत नाही, आणि चार स्पेस आत असलेली सुटी ओळ म्हणजे कोड असं मार्कडाउन समजतं. त्या फाइलीतले वरचे प्रश्न ज्याने लिहिले होते तो दोन स्पेस आत सरकवायचा, त्यांना काही झालं नाही. खालचे प्रश्न दुसऱ्या कुणीतरी चार स्पेसने लिहिलेले, ते सगळे कोड झाले. म्हणून वरचं वरचं बघून काही कळलं नाही.

दुसरी गडबड त्याच रिप्लेसने केली. उत्तरांच्या आत "टीप:" असे बोल्ड बुलेट होते, म्हणजे तिथेही `- **` होतंच. तेही हेडिंग झाले. पानाच्या वर आपोआप बनणाऱ्या अनुक्रमणिकेत प्रश्नांच्या मधेमधे "टीप:" "टीप:" असं सात वेळा दिसत होतं.

माझी सवय सांगतो. मी रिप्लेस करतच नाही, किंवा केलं तर एकेक ओळ बघून होकार देत करतो. प्रश्नाचा बुलेट काढला की लगेच त्याच्या उत्तराच्या सगळ्या ओळी निवडायच्या आणि डाव्या कडेला आणायच्या, मगच पुढच्या प्रश्नाला हात लावायचा. चाळीस प्रश्नांना दीड-दोन तास लागतात, लागू देत, कारण या वाचण्यातच पुढची चूक सापडते, जी कुठलंच रिप्लेस शोधून देणार नाही.

बुलेट किती आत आहे त्यावरून हेडिंगची लेव्हल ठरवणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती हुशार माणसंच करतात, कारण त्यात एक लॉजिक दिसतं: पहिल्या पातळीचा बुलेट `##`, त्याच्या आतला `###`, त्याच्याही आतला `####`. पण बुलेट आत का गेला होता? लिहिणाऱ्याला लिहिताना तिथे सुचलं म्हणून. तो आतला बुलेट कधी उत्तर असतो, कधी उत्तरातली एक पायरी असते, आणि कधी चक्क नवीन प्रश्न असतो. हे बघा:

```
- **पासवर्ड विसरलो तर?**
    - लॉगिन पानावर "पासवर्ड विसरलात?" वर क्लिक करा
    - ईमेलमध्ये आलेली लिंक उघडा
    - ईमेल आलाच नाही तर?
        - स्पॅम फोल्डर बघा
        - तिथेही नसेल तर वेगळ्या पत्त्याने
          अकाउंट उघडलंय का ते तपासा
```

आतल्या पातळीवर तीन बुलेट आहेत, दिसायला अगदी सारखे. पहिले दोन पायऱ्या आहेत, त्या क्रमानेच करायच्या, म्हणून त्यांना आकडे हवेत. तिसरा मात्र पूर्ण वेगळा प्रश्न आहे, आणि खरं सांगायचं तर लोक पानावर येतात ते बहुतेक हाच प्रश्न घेऊन, कारण वरच्या दोन पायऱ्या त्यांनी आधीच करून बघितलेल्या असतात. त्याला `####` दिलं तर तो वरच्या प्रश्नाच्या पोटात जातो. तो पोटातला नाही, शेजारचा आहे:

```
## लॉगिन आणि पासवर्ड

### पासवर्ड विसरलो तर काय करायचं?

1. लॉगिन पानावर "पासवर्ड विसरलात?" वर क्लिक करा.
2. ईमेलमध्ये आलेली लिंक उघडा.

### पासवर्ड बदलायचा ईमेल आला नाही तर काय करायचं?

आधी स्पॅम फोल्डर बघा. तिथेही नसेल तर अकाउंट
वेगळ्या पत्त्याने उघडलंय का ते तपासा.
```

दुसऱ्या प्रश्नाचे शब्द बदलले ते मुद्दाम. "ईमेल आलाच नाही तर?" हे वरच्या प्रश्नाखाली असताना कळत होतं, पण सर्चमधून किंवा अनुक्रमणिकेतून थेट तिथे येणाऱ्याला कुठला ईमेल ते कसं कळणार? बुलेटमधून बाहेर काढलेल्या प्रत्येक प्रश्नाला आपल्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. उत्तरांचंही तेच, "हो" किंवा "वरच्यासारखंच" असं उत्तर यादीत खपून जायचं, आता ते पूर्ण वाक्यात लिहा.

तर मी करतो ते असं की हेडिंगला हात लावायच्या आधी अख्खी फाइल वाचत प्रत्येक बुलेटच्या समोर एक अक्षर टाकतो: प्रश्नाला प्र, उत्तराला उ, पायरीला पा. वि म्हणजे विभाग, ते बऱ्याचदा मलाच बनवावे लागतात. मग पानाचं नाव `#`, सगळे वि `##`, सगळे प्र `###`, आणि बाकी कशालाच हेडिंग नाही. एवढाच नियम. एखाद्या विभागात एकच प्रश्न असला तरी तो `###` च राहणार, आणि विभाग न करता सुटा प्रश्न `##` वर आणायचा नाही. हा सुटा प्रश्न वर आणण्याचा शॉर्टकट मला नेहमी दिसतो आणि त्याचा त्रास कुणाला होतो ते एकदा बघून घ्या: स्क्रीन रीडर वापरणारी माणसं पान वरून खालपर्यंत ऐकत बसत नाहीत, ती हेडिंगवरून उड्या मारतात. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये `H` दाबलं की पुढचं हेडिंग, आणि `3` दाबलं की पुढचं तिसऱ्या लेव्हलचं हेडिंग. तुमचे पंचवीस प्रश्न तिसऱ्या लेव्हलला आणि चार चुकून दुसऱ्या किंवा चौथ्या लेव्हलला असले, तर `3` दाबत जाणाऱ्या माणसाला ते चार प्रश्न लागतच नाहीत. उत्तर पानावर असूनही त्याच्यापुरतं ते नाही. आणि नुसतं बोल्ड करून ठेवलेला प्रश्न तर त्याला कुठल्याच बटणाने सापडत नाही, कारण बोल्ड म्हणजे हेडिंग नव्हे.

"पण `###` फार मोठं दिसतं म्हणून `####` दिलं" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. अक्षर लहान हवं असेल तर सीएसएसमध्ये `h3` चा साइज कमी करा. लेव्हल दिसण्यासाठी निवडायची नसते.

आता राहिलेल्या, छोट्या पण छळणाऱ्या.

दोन प्रश्नांच्या मधे रेघ म्हणून `---` टाकताय तर तिच्या आधी एक ओळ रिकामी सोडा, नाहीतर वरचा उत्तराचा अख्खा परिच्छेद दुसऱ्या लेव्हलचं हेडिंग होतो. मी तर रेघा काढूनच टाकतो, हेडिंग आल्यावर त्यांची गरजच काय.

`###` नंतर स्पेस द्या, न दिल्यास बऱ्याच ठिकाणी ते हेडिंग न होता तसंच्या तसं छापलं जातं.

प्रत्येक बुलेट काढलाच पाहिजे असं नाही. चालणाऱ्या फाइलींचे प्रकार वगैरे खरोखरची यादी असेल तर ती उत्तरात यादीच राहू दे, परिच्छेदात कोंबली की वाचवत नाही.

पान चढवायच्या आधी टर्मिनलमध्ये ही कमांड देऊन हेडिंगचा सांगाडा तपासा, त्याला मिनिटही लागत नाही:

```
grep -n '^#' faq.md
```

यात फक्त हेडिंग येतात. एक `#`, मग `##` आणि `###`, बाकी काही दिसलं तर ती चूक, आणि प्रश्नचिन्ह नसलेलं `###` दिसलं तर तिथे थांबून बघा, बहुतेक ती एखादी "टीप:" असते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोडच्या चौकटीतल्या `#` ने सुरू होणाऱ्या कॉमेंटही यात येतात, त्या सोडून द्यायच्या. आणि वर सांगितलेलं `---` मुळे झालेलं हेडिंग यात येत नाही, चार स्पेसवाला कोडही येत नाही, म्हणून प्रीव्ह्यू शेवटच्या प्रश्नापर्यंत खाली जाऊन बघायचाच.

आणि जुन्या लिंक. हेडिंगची लिंक बहुतेक ठिकाणी हेडिंगच्या शब्दांवरूनच बनते, त्यामुळे तुम्ही उद्या प्रश्नाचे शब्द सुधारले की कालपर्यंत ईमेलमधून पाठवलेली लिंक पान उघडते पण त्या प्रश्नावर न्यायची थांबते. एररही दिसत नाही, माणूस पानाच्या वर येऊन पडतो आणि शोधत बसतो. ज्या प्रश्नांच्या लिंक बाहेर वाटल्या जातात त्यांच्यावर मी स्वतः नाव देऊन ठेवतो:

```
<a id="reset-email"></a>

### पासवर्ड बदलायचा ईमेल आला नाही तर काय करायचं?
```

आता खालचे शब्द कितीही बदला, `#reset-email` तिथेच येईल. जुन्या पानावर आधीच एखादी आयडी असेल तर तीच पुढे वापरा, नवीन सुंदर नाव शोधत बसू नका.