169.254 चा पत्ता आणि संपलेली यादी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून फोन आला, "दादा, बिलिंगचा कॉम्प्युटर नेट धरंना, बाकी सगळं चालू हाय." जाऊन आधी आयपी पत्ता बघितला:

```
ipconfig /all
```

169.254.37.12. म्हणजे विंडोजनं कंटाळून स्वतःच घेतलेला पत्ता.

एरवी राउटरकडून पत्ता मिळायला चार पायऱ्या होतात. मशीन सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतं, "पत्ता देणारं कुणी आहे का?" (डिस्कव्हर). राउटर एक पत्ता पुढे करतो (ऑफर), मशीन तोच मागतं (रिक्वेस्ट) आणि राउटर मुदतीसह पक्का करतो (अ‍ॅक). ऑफरच आली नाही, तर 169.254.

केबल सैल किंवा स्विचचा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये असला तरी हेच होतं. म्हणून हातानं 192.168.1.20 पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस भरला. नेट लगेच चालू! म्हणजे वायर ठीक, दोष पत्ता वाटण्यात.

राउटरमध्ये वाटपाची रेंज .100 ते .149, म्हणजे फक्त 50 पत्ते, आणि मुदत 24 तास. दोन्ही पाळ्यांच्या कामगारांचे फोन त्याच वायफायवर. घरी गेलेल्या माणसाचाही पत्ता मुदत संपेपर्यंत अडकलेला. यादी भरलेली होती. आधी पत्ता मिळालेली मशीन मजेत, कारण ती अर्धी मुदत उलटली की तोच पत्ता वाढवून घेतात. सुट्टीनंतर चालू झालेलं बिलिंगच उपाशी.

रेंज .240 पर्यंत वाढवली, मुदत दोन तास केली, बिलिंगच्या मॅक अ‍ॅड्रेसला .200 राखून ठेवला. हातानं भरलेला पत्ता काढून पुन्हा 'ऑटोमॅटिक' केलं आणि:

```
ipconfig /renew
```

.200 आला. फोनांसाठी वेगळं गेस्ट वायफाय करायला मालकांना सांगितलंय.