टाच टेकवण्याआधी गुडघा पाहा

पोलिओ होऊन गेलेल्या प्रौढांचे पाय तपासायला नव्याने लागलात, की पहिली नजर पावलावर जाते. टाच वर, बोटांवर चालणं, पोटरीची कंडरा ताणलेली. आखडलेली कंडरा लांब केली की पाऊल सपाट टेकेल, हा विचार लगेच सुचतो. पण मांडीच्या पुढच्या स्नायूत, म्हणजे क्वाड्रिसेप्समध्ये, जोर नसेल तर बऱ्याचदा ती उचललेली टाचच गुडघ्याला सांभाळत असते. बोटं आधी टेकली की जमिनीचा प्रतिरोध गुडघ्याच्या पुढून जातो, नडगी मागे रेटली जाते आणि गुडघा आपोआप सरळ राहतो. कंडरा मोकळी केलीत की पाऊल छान टेकतं आणि माणूस गुडघ्यात मोडून पडतो.

माझ्याकडे आलेल्या एका 38 वर्षांच्या ताईंचं उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. प्रत्येक पावलाला त्या उजव्या हाताने मांडी मागे दाबत. मांडीवर नेमक्या त्याच जागी कापड विरलं होतं. "पाऊल तेवढं सरळ करून द्या," एवढंच त्यांचं मागणं होतं.

स्नायूचा जोर 0 ते 5 अशा ग्रेडमध्ये मोजतात. तपासणीत क्वाड्रिसेप्स ग्रेड 1, म्हणजे बोटाखाली जेमतेम हालचाल लागत होती. नितंबाचा मोठा स्नायू आणि पोटरी दोन्ही ग्रेड 4. पाय 3 सेंटीमीटर आखूड, टाच सुमारे 20 अंश वर. आणि गुडघा 15 अंशांत आखडलेला, दाबूनही सरळ होत नव्हता. सगळं कोडं या शेवटच्या गोष्टीत होतं. गुडघा वाकलेला असला की शरीराचं वजन त्याच्या मागून पडतं, टाच कितीही वर असली तरी ती पुरत नाही. मग हात लावावाच लागतो.

अशा वेळी टेंडन ट्रान्सफर करायचा मोह होतो: मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू गुडघ्याच्या वाटीला जोडायचे. तत्त्वं मोजकी आहेत. सांधा हाताने पूर्ण हलला पाहिजे, कारण जोडलेला स्नायू आखडलेला सांधा सोडवत नाही. जागा बदलल्यावर स्नायूची साधारण एक ग्रेड कमी होते, म्हणून आधी किमान 4 हवी. ओढ सरळ रेषेत हवी. आणि हॅमस्ट्रिंग काढून घेतल्यावर गुडघा उलटा वाकू नये, म्हणून पोटरी सशक्त हवी. ताईंचे हॅमस्ट्रिंग ग्रेड 3 होते, एक ग्रेड गेल्यावर हाती काही उरलं नसतं. पोलिओनंतर अनेक वर्षांनी नवी दुर्बलता येऊ शकते, म्हणून आहे तो जोर खर्च करायला मी कचरतो.

आम्ही आधी गुडघा घेतला. प्रौढात प्लास्टरने जोर लावून तो सरळ करायला गेलं, तर नडगीचं हाड मागे सरकू शकतं. बाजूने काढलेल्या एक्स-रेत ते दिसतं, बाहेरून मात्र गुडघा सरळ झाल्यासारखा वाटतो. म्हणून मांडीच्या हाडाला गुडघ्याच्या वर छेद देऊन कोन सुधारला. ही हाडं ठिसूळ असतात, स्क्रू नीट धरत नाहीत, त्यामुळे प्लास्टर आणि धीर दोन्ही लागतात. शस्त्रक्रियेनंतर अंगठा वर उचलता येतो का, ते वारंवार पाहायचं. तो उचलेनासा झाला तर गुडघ्याबाहेरची नस ताणली गेली आहे, लगेच गुडघा थोडा वाकवून ठेवायचा.

पोटरीची कंडरा थोडीच लांब केली, 10 अंश मुद्दाम ठेवले. त्यातून 3 सेंटीमीटरच्या तुटीचीही बरीच भरपाई होते. उरलेल्या उंचीला बुटाची टाच दिली, मात्र पूर्ण नाही. पाय किंचित आखूड राहिला तरच पुढे टाकताना तो जमिनीला घासत नाही.

लांबच्या चालण्यासाठी कॅलिपर दिला. प्लास्टिकचा हलका असतो, पण तुटला तर बनवणाऱ्याकडेच जावं लागतं. धातूच्या पट्ट्या आणि चामडं जड असलं तरी जवळच्या वेल्डरकडे, चांभाराकडे दुरुस्त होतं. दुरुस्तीची जागा दूर असेल तर मी दुसरा निवडतो. बिजागरी सांध्याच्या उंचीला जुळली नसेल तर बसताना पट्टे वर-खाली सरकतात, म्हणून उभं करून तपासणं पुरत नाही, खुर्चीत बसवून बघा. पोलिओत संवेदना शाबूत असतात, त्यामुळे कुठे टोचतंय हे रुग्ण नेमकं सांगतो. ते ऐकून तिथेच पट्टा बदलायचा.

हाड जुळल्यावर ताई घरात कॅलिपरशिवाय, मांडीला हात न लावता चालू लागल्या. उतारावर आणि खडबडीत वाटेवर गुडघा अजून डगमगतो, तिथे कॅलिपरचं कुलूप लावूनच जातात.